कचरापेटी पुसल्यावर फरशीचे सांधे आणि जोत्याची रेघ वाकडी का पडते? जुन्या बोळाच्या छायाचित्राची दुरुस्ती

सोलापूरच्या जुन्या पेठांतील आणि कसब्यातील बोळांची छायाचित्रे काढणाऱ्यांना एक अडचण वारंवार येते. वाड्याच्या घडीव काळ्या दगडाच्या जोत्यापाशी चाकांच्या दोन कचरापेट्या उभ्या असतात, वरच्या गिलाव्यावर दुकानाचा फ्लेक्स असतो आणि पलीकडे विजेची पेटी किंवा सिमेंटचे बाकडे असते. फोटोशॉपमध्ये त्यांभोवती निवड करून `Edit > Content-Aware Fill` चालवले, की वस्तू नाहीशी होते, पण तिच्या जागी शहाबादी फरशीचा सांधा मध्येच तुटतो, दोन फरशा एकमेकींत विरघळल्यासारख्या दिसतात आणि जोत्याची खालची रेघ दोन-तीन बोटे वर उचलली जाते. पुन्हा चालवले तर तीच चूक थोड्या वेगळ्या रूपात येते. ही चूक का होते आणि ती कायमची कशी टाळावी, हे एका उदाहरणाच्या आधारे येथे मांडले आहे.

मूळ कारण असे आहे, की आपोआप भरणारे साधन चित्राच्या उरलेल्या भागातून जुळणारे छोटे तुकडे शोधते आणि ते रिकाम्या जागेत बसवते. त्या तुकड्यातली फरशी कॅमेऱ्यापासून चार मीटरवर आहे की आठ मीटरवर, हे त्याला ठाऊक नसते. लांबच्या फरशीचा तुकडा जवळच्या जागी बसला, की सांधे दाट होतात, आणि जवळचा तुकडा लांब बसला, की फरशी अवाढव्य दिसते. त्या खिडकीतले `Scale` आणि `Rotation Adaptation` हे पर्याय तुकडा लहानमोठा करतात किंवा फिरवतात. बोळाच्या टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या रेषांप्रमाणे त्याचा आकार बदलत नाहीत. म्हणून ते पर्याय बदलत बसण्यात वेळ घालवू नये.

दुसरे कारण आपण स्वतः केलेल्या निवडीत असते. कचरापेटीचा खालचा भाग फरशीवर असतो आणि वरचा भाग भिंतीवर, म्हणजे ती दोन वेगळ्या प्रतलांना झाकते. एकाच निवडीत दोन्ही घेतली, की भिंतीचा दगड फरशीवर आणि फरशी भिंतीवर येणे अटळ असते. त्यामुळे कोणतेही साधन उचलण्यापूर्वी पेटीच्या मागून जाणारी जोत्याची खालची रेघ कुठे आहे ते ठरवावे आणि तेथे निवडीचे दोन भाग करावेत. माझ्या मते या कामातला अर्धा त्रास एवढ्या एका गोष्टीने कमी होतो.

आधी रेषा सरळ कराव्यात

रुंद कोनाच्या लेन्सने काढलेल्या चित्रात कडेच्या सरळ रेषा किंचित बाहेर फुगलेल्या असतात. बोळ अरुंद असल्याने अशी लेन्स वापरावीच लागते, आणि कचरापेटी बहुतेक वेळा भिंतीलगत, म्हणजे नेमकी चित्राच्या कडेला असते. पट्टीने आखलेली रेघ आणि जोत्याची वाकलेली कड कधीच जुळणार नाहीत, म्हणून सर्वांत आधी `Camera Raw` मध्ये किंवा `Filter > Lens Correction` मध्ये लेन्सचे प्रोफाइल लावून फुगवटा काढावा. ही पायरी शेवटी ठेवली, तर आधी केलेली सगळी जुळणी पुन्हा वाकते.

यानंतर एका वेगळ्या थरावर ठळक रंगाच्या बारीक रेषा आखाव्यात. बोळाच्या लांबीच्या दिशेने जाणारे फरशीचे दोन-तीन सांधे, जितके लांबवर स्पष्ट दिसतात तितके, पट्टीने पुढे वाढवावेत. ते जिथे एकत्र येतात तो फरशीचा लोपबिंदू. भिंतीसाठी जोत्याच्या थरांच्या आडव्या दरजा आणि वरच्या मजल्याच्या गवाक्षांची तळरेघ वाढवून तसाच बिंदू काढावा. बिंदू चित्राबाहेर जात असेल तर `Canvas Size` वाढवून घ्यावा.

हे दोन बिंदू एकच असतील असे गृहीत धरू नये. गवंड्याने वाड्याचे थर ओळंबा आणि पाणसळ लावून आडवे बांधलेले असतात, तर बोळ पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून एका बाजूला उतरता असतो. चढाच्या बोळात जोते पुढे जाता जाता बुटके होत जाते, कारण जमीन वर येते आणि थर मात्र आडवेच राहतात. अशा ठिकाणी फरशीचा लोपबिंदू भिंतीच्या लोपबिंदूच्या वर असतो, आणि उताराच्या बोळात खाली. पुसलेल्या जागेच्या एका टोकाला जोत्याची रेघ बरोबर बसते आणि दुसऱ्या टोकाला बसत नाही, अशी तक्रार असेल, तर जवळजवळ नेहमी हेच कारण निघते.

फरशीचे झाकलेले सांधे मोजून काढणे

आता उदाहरणाकडे वळू. ६००० बाय ४००० पिक्सेलचे, डोळ्यांच्या उंचीवरून बोळाच्या लांबीच्या दिशेने काढलेले चित्र आहे. डाव्या हाताला वाड्याचे जोते असून त्याला लागून दोन फुटी चौरस शहाबादी फरशीचा पट्टा आहे. बोळाचा मधला भाग पाण्याच्या नळासाठी खणून सिमेंटने बुजवलेला आहे, त्यामुळे उजव्या बाजूच्या फरशीचे सांधे डावीकडे सरळ ओढून आणण्याची सोय उरलेली नाही. खणण्यापूर्वी ते एका रेषेत होते की नाही हेही सांगता येत नाही. डाव्या पट्ट्यावरच हिरवी आणि निळी अशा दोन पेट्या आहेत. त्यांच्या अलीकडे दोन आडवे सांधे दिसतात आणि पलीकडे पुन्हा तीन दिसतात. मधले किती सांधे झाकले आहेत आणि ते कुठे आहेत, हा प्रश्न आहे.

येथे नजरेच्या अंदाजावर विसंबण्याची गरज नाही, कारण समान अंतरावरच्या सांध्यांचा एक नियम आहे. लोपबिंदूच्या पातळीपासून प्रत्येक सांधा किती पिक्सेल खाली आहे ते मोजावे आणि एका ठरावीक संख्येला, समजा १०,००० ला, त्या मोजमापाने भागावे. येणारे भागाकार समान अंतराने वाढत जातात. या चित्रातील मोजमापे अशी आहेत: पेट्यांच्या अलीकडचे सांधे १७६५ आणि १५०० पिक्सेल खाली, पलीकडचे ९३७, ८५७ आणि ७८९ पिक्सेल खाली. भागाकार अनुक्रमे ५.६७, ६.६७, १०.६७, ११.६७ आणि १२.६७ येतात. म्हणजे एका फरशीमागे भागाकार एकने वाढतो, आणि ६.६७ ते १०.६७ या अंतरात चार फरशा व तीन झाकलेले सांधे आहेत. त्यांचे भागाकार ७.६७, ८.६७ आणि ९.६७ असायला हवेत. उलट भागाकार केला, की सांधे १३०४, ११५३ आणि १०३४ पिक्सेल खाली असल्याचे कळते.

एकाची वाढ नेमकी येणे हा या चित्रातील आकड्यांचा योग आहे. तुमच्या चित्रात ती ०.८ किंवा १.३ असू शकेल. वाढ दर फरशीमागे सारखी आहे ना, एवढेच पाहावे. हा नियम कॅमेरा थोडा खाली झुकलेला असला तरी लागू पडतो, मात्र मोजणी फरशीच्या स्वतःच्या लोपबिंदूच्या पातळीपासून व्हायला हवी. झाकलेल्या अंतरात पूर्ण संख्येइतक्या फरशा न येता समजा साडेतीन आल्या, तर दोन शक्यता असतात: लोपबिंदू चुकला आहे, किंवा तेथे कापलेली फरशी बसवलेली आहे. दिसणाऱ्या सांध्यांमधली वाढ आपापसांत सारखी असेल तर लोपबिंदू बरोबर आहे आणि कापलेली फरशी खरी आहे, असे समजावे.

हेच काम डोळ्यांनी केले असते तर बहुतेकांनी १५०० आणि ९३७ यांमधले अंतर चार सारख्या भागांत विभागले असते आणि सांधे १३५९, १२१८ व १०७८ वर आखले असते. म्हणजे मधला सांधा ६५ पिक्सेलने चुकला असता. एवढी चूक पाहणाऱ्याला मोजता येत नाही, पण तेथे जमीन किंचित फुगल्याचा भास होतो, आणि 'काहीतरी बिघडले आहे, पण काय ते कळत नाही' अशी जी प्रतिक्रिया ऐकू येते तिचे मूळ अशाच ठिकाणी असते.

फरशी भरणे

सांध्यांच्या जागा निश्चित झाल्या, की वर एक रिकामा थर घेऊन `Filter > Vanishing Point` उघडावे, म्हणजे दुरुस्ती मूळ चित्रापासून वेगळी राहते. येथे पहिले प्रतल आखताना चारही कोपरे सांध्यांच्या प्रत्यक्ष फुल्यांवर ठेवावेत आणि शक्य तितके लांब लांब घ्यावेत. एकाच फरशीच्या चार कोपऱ्यांवर प्रतल आखून ते ताणत नेले, तर सुरुवातीची दोन-तीन पिक्सेलची चूक दहाव्या फरशीपर्यंत ढळढळीत दिसू लागते. जाळी लाल किंवा पिवळी दिसत असेल तर कोपरे हलवावेत. निळी झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. मात्र निळी जाळी म्हणजे बरोबर जाळी असेही नाही, ती भूमितीच्या दृष्टीने शक्य आहे इतकेच त्यातून कळते. म्हणून `Grid Size` बदलून जाळीच्या रेषा दिसणाऱ्या सांध्यांवर आणाव्यात. त्या सगळ्या सांध्यांवर बसल्या, की पेट्यांवरून जाणाऱ्या मधल्या रेषा आपण मोजून काढलेल्या तीन जागांवर पडायला हव्यात. दोन्ही रीती एकमेकींशी जुळल्या तरच ब्रश हाती घ्यावा.

छाप घेताना `Alt` दाबून उगमस्थान एखाद्या सांध्याच्या फुलीवर नेमके निवडावे आणि रंगवायला सुरुवात झाकलेल्या फुलीवरूनच करावी, म्हणजे सरक पूर्ण फरशांइतकी राहते आणि सांधे आपोआप ओळीत येतात. उगमस्थान शक्यतो कॅमेऱ्याच्या जवळचे घ्यावे. जवळची फरशी लांब नेली तर ती आकुंचन पावते आणि स्पष्ट राहते. लांबची जवळ आणली तर ताणली जाऊन धूसर होते, आणि तीक्ष्ण फरशांच्या मध्ये एक मऊ फरशी लगेच डोळ्यात भरते. `Heal` हा पर्याय सुरुवातीला `Off` ठेवावा. तो चालू असताना ब्रश पेटीच्या कडेला टेकला, तर पेटीचा हिरवा-निळा रंग फरशीत ओढला जातो. सगळी फरशी बसल्यानंतर, उजेड थोडा कमीजास्त वाटला तर दुसऱ्या फेरीत `Luminance` वापरावे.

तीनच फरशांचा साठा असेल तर त्या पुन्हा पुन्हा वापराव्या लागतात. शहाबादी फरशीचा पृष्ठभाग खडबडीत असतो, तिचे पापुद्रे सुटतात, एखादीचा कोपरा उडालेला असतो. तोच उडालेला कोपरा दोनदा दिसला, की नक्कल उघडी पडते. म्हणून प्रत्येक फरशी वेगळ्या ठिकाणाहून घ्यावी, आणि तशी सोय नसेल तर एखादी डावी-उजवी उलटवून बसवावी. उलटवताना सावलीकडे लक्ष ठेवावे. कडेच्या खळग्यातली सावली मूळ चित्रात उजवीकडे असेल आणि उलटवलेल्या फरशीत डावीकडे आली, तर तो खळगा उंचवट्यासारखा दिसतो.

गिंपमध्ये काम करणाऱ्यांसाठी `Perspective Clone` हे साधन याच कामाचे आहे. आधी `Modify Perspective` मध्ये चौकट फरशीवर बसवावी आणि मग `Perspective Clone` निवडून छाप घ्यावी. सांध्यांची मोजणी अर्थातच तीच राहते.

जोते आणि त्याची रेघ

भिंतीसाठी वेगळे प्रतल आखावे. फरशीच्या प्रतलाची कड `Ctrl` दाबून वर ओढली, की काटकोनातले प्रतल मिळते हे खरे, पण ते फरशीचाच लोपबिंदू घेऊन येते. बोळ उतरता असेल तर ते भिंतीला लागू पडत नाही. `Create Plane` ने जोत्याच्या दरजांवर स्वतंत्र चौकट काढणे हे अधिक खात्रीचे आहे.

येथे फरशीसारखी मोजणी चालत नाही, कारण घडीव दगडांची उंची एका थरात सारखी असली तरी लांबी वेगवेगळी असते. त्याऐवजी बांधकामाचे नियम पाळावेत. आडव्या दरजा लोपबिंदूकडे अखंड जातात, त्या आधी बारीक ब्रशने पूर्ण कराव्यात. उभ्या दरजा खरोखर उभ्या राहतात, आणि वरच्या थरातली उभी दरज खालच्या थरातल्या दरजेच्या डोक्यावर येत नाही. गवंडी तेथे सांधेमोड ठेवतो. चित्र दुरुस्त करताना दगडांचे तुकडे सोयीने एकावर एक ठेवले, की दोन-तीन थरांतून सरळ खाली येणारी उभी रेघ तयार होते. बांधकामाची ओळख असलेला माणूस सर्वांत आधी तिच्यावर बोट ठेवतो, कारण अशी भिंत कुणी बांधत नाही.

दगड घेताना त्याच थरातून घ्यावेत. वरचा थर बहुधा जास्त सफाईने टाकी मारलेला असतो, तर सर्वांत खालच्या थरावर पावसाच्या शिंतोड्यांचे डाग, ओल आणि क्षारांचा पांढुरका पापुद्रा असतो. वरचा कोरडा दगड तळाला आणून बसवला तर रेषा अचूक असूनही ती जागा ठिगळासारखी दिसते.

जोते जेथे फरशीला टेकते तेथे प्रत्यक्षात स्वच्छ रेघ नसते. चुन्याची किंवा सिमेंटची वेडीवाकडी पट्टी, साचलेली माती, कुठे गवताची काडी असे तेथे असते. म्हणून भिंत आणि फरशी या दोन्ही थरांच्या वर तिसरा थर घेऊन, पेट्यांच्या अलीकडे-पलीकडे दिसणारी ही मळकट पट्टी आखलेल्या रेघेवरून फिरवत आणावी. पट्टीची रुंदी लांब जाताना कमी व्हायला हवी. ही पायरी पुष्कळ जण गाळतात आणि मग भिंत जमिनीवर तरंगल्यासारखी का दिसते असे विचारतात.

फलक काढताना

भिंतीवरचा फलक काढणे कचरापेटीहून सोपे वाटते, कारण मागे साधा गिलावा असतो. अडचण फलकाची नसून त्याच्या खुणांची असते. खाली पडलेली सावली, खिळ्यांच्या किंवा पट्ट्यांच्या टोकांपासून ओघळलेले गंजाचे डाग आणि फलकाच्या रंगाची भिंतीवर पडलेली झाक या तिन्ही गोष्टी निवडीत घ्याव्या लागतात. लाल फ्लेक्सवर ऊन पडत असेल तर शेजारच्या चुन्याच्या भिंतीवर गुलाबी झाक येते. ती घालवण्यासाठी वर एक थर घेऊन त्याचा मिश्रण-प्रकार `Color` ठेवावा, भिंतीच्या लांबच्या भागातला रंग उचलावा आणि मऊ ब्रशने, कमी अपारदर्शकतेवर, झाकेवरून फिरवावा. उजेड-सावली तशीच राहते, रंग तेवढा बदलतो. कचरापेटीच्या निळ्या रंगाची झाक जोत्याच्या काळ्या दगडावर पडलेली असते तिलाही हाच उपाय चालतो.

फलकामागे गिलाव्याऐवजी कोनाडा, नक्षीदार कंस किंवा बंद केलेली खिडकी असण्याची शक्यता असेल, तर तेथे कल्पनेने काही रचू नये. यावर उपाय छायाचित्र काढतानाच करायचा असतो. मुख्य चित्र झाले, की एक-दोन पावले डावीकडे आणि उजवीकडे सरकून, त्याच फोकल लांबीवर आणखी दोन चित्रे घ्यावीत. आडोशामागचा बराच भाग त्यांत दिसतो. सपाट पृष्ठभाग असेल तर एका चित्रातली भिंत दुसऱ्या चित्रावर नेमकी बसवता येते, त्यासाठी दोन्हींत दिसणारे चार बिंदू पुरतात. दुसरे चित्र वरच्या थरावर आणून त्याचा प्रकार `Difference` करावा, `Edit > Transform > Distort` ने चारही कोपरे ओढत चार दगडांचे कोपरे जुळवावेत. जेथे जुळणी होते तेथे चित्र काळे पडते. मग थराचा प्रकार `Normal` करून झाकलेल्या भागापुरता मास्क ठेवावा. भिंतीच्या पुढे आलेले कंस आणि छज्जे मात्र जुळणार नाहीत, कारण ते त्या प्रतलात नसतात. फरशीलाही हाच मार्ग चालतो, आणि दुसऱ्या चित्रात पेट्यांमागची खरी फरशी दिसत असेल तर वर दिलेली सगळी मोजणी केवळ पडताळ्यापुरती उरते.

खरे तर चाकांची कचरापेटी समोरच्या घरातल्या माणसांना विचारून पाच फूट बाजूला सरकवता येते आणि काम झाल्यावर परत जागेवर ठेवता येते. संगणकावरच्या तासाभराच्या कष्टांपेक्षा ते केव्हाही बरे.

काय काढावे याचाही थोडा विचार करावा लागतो. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा भाषांतल्या हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या अजून कोठे कोठे दिसतात. फ्लेक्स काढणे आणि अशी पाटी काढणे या माझ्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. पाटी त्या बोळाच्या इतिहासाचा भाग असते, ती मी काढत नाही.

सावली, कण आणि पडताळणी

पेटी गेली तरी तिची सावली राहते, आणि पेटीवर पडणारी वायरींची किंवा छज्जाची सावली मात्र पेटीबरोबर नाहीशी होते. पहिली काढावी लागते आणि दुसरी पुन्हा जोडावी लागते. सावलीची लांबी ऋतूवर अवलंबून असते. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी पेटीची सावली तिच्या पायाशीच असते आणि ती काढणे सोपे जाते. डिसेंबरात मध्यान्हीसुद्धा सावली उत्तरेकडे लांब पडते आणि ती फरशीवरून भिंतीवर चढते, तेव्हा तिचेही जोत्याच्या रेघेपाशी दोन भाग करावे लागतात. सावलीतली फरशी पुसून तेथे उन्हातली फरशी आणण्याऐवजी `Curves` च्या थराने ती उजळावी, म्हणजे खरा पोत टिकतो. उजळल्यावर सावलीचा भाग निळसर दिसतो, कारण तेथे उजेड आकाशाचा असतो; निळ्या वाहिनीचा वक्र थोडा खाली ओढला, की तो शेजारच्या उन्हाशी जुळतो. जोत्याच्या अगदी तळाशी असलेली अरुंद गडद किनार मात्र ठेवावी, ती पेटीची नसून भिंतीची असते.

छाप घेताना फरशी लहान झाली असेल तर चित्रातले कणही बारीक होतात आणि तो भाग शेजाऱ्यांहून गुळगुळीत दिसतो. मध्यम राखाडी रंगाने भरलेला थर घेऊन त्याचा प्रकार `Overlay` करावा, त्यावर `Add Noise` मध्ये `Gaussian` आणि `Monochromatic` निवडून कण द्यावेत, आणि दुरुस्त केलेल्या भागापुरताच मास्क ठेवावा. प्रमाण ठरवताना चित्र १०० टक्के आकारात पाहावे.

पडताळणीसाठी दोन गोष्टी पुरतात. चित्र आडवे उलटवून पाहिले, की सवयीमुळे न दिसलेली वाकडी रेघ दिसते. सर्वांत वर `Curves` चा तात्पुरता थर घेऊन त्याचा वक्र अनेक वेळा वरखाली वळवला, की उजेडातले सूक्ष्म फरक भडक रंगांत दिसतात. ठिगळाची कड तेथे स्वच्छ गोलाकार उमटते. तशी कड दिसली तर मास्कच्या कडा मऊ करण्याऐवजी तो मास्क फरशीच्या सांध्यावर नेऊन संपवावा. सांध्यापाशी रंग बदलणे स्वाभाविक असते, फरशीच्या मध्यावर बदलणे नसते.

ही सगळी रीत सपाट पृष्ठभागांसाठी आहे. वळणाच्या बोळात प्रत्येक वळणानंतर नवे प्रतल घ्यावे लागते. खचलेल्या, उखडलेल्या फरशीत सांध्यांचा नियम ढोबळ मार्गदर्शन करतो एवढेच. पायऱ्यांवर प्रत्येक पायरी वेगळी धरावी लागते, आणि पेटीने दोन पायऱ्यांचा कोपरा झाकला असेल तर दुसऱ्या कोनातून घेतलेल्या चित्राशिवाय ते काम हाती घेऊ नये.

शेवटी थरांसह मूळ फाइल जपून ठेवावी आणि `File > File Info` मधील `Description` या रकान्यात बदलांची नोंद करावी. वारशाच्या नोंदीसाठी चित्र द्यायचे असेल तर न बदललेले चित्रच द्यावे, आणि दुरुस्त केलेले चित्र छापायला किंवा प्रदर्शनात देताना नोंद साधारण अशी असावी: 'डाव्या जोत्यालगतच्या दोन कचरापेट्या आणि गिलाव्यावरील एक फ्लेक्स काढले आहेत, झाकलेली फरशी त्याच पट्ट्यातील फरशांवरून आणि झाकलेला गिलावा दुसऱ्या कोनातील छायाचित्रावरून भरला आहे.'